स्पॉट दिसतो मस्त, पण छिन्नी लावली की सुटतो: करंट वाढवायच्या आधी हे बघा

कुडाळला आमचं बॉडीशॉप आहे, डेंटिंग-पेंटिंग आणि पॅनल बदलायचं काम. किनाऱ्याजवळची गाडी म्हटली की खालचा सिल, चाकाच्या कमानीची कड, डिकीचा तळ हे सगळं गंजून येतं, त्यामुळे जुना पॅनल कापून नवा स्पॉट वेल्डिंगने लावणं हे आमच्याकडे वर्षभर चालू असतं. आणि एक तक्रार परत परत येते, आमच्याकडे पण आणि ओळखीच्या शॉपमधून फोनवर पण. स्पॉट बाहेरून गोल, छान दाबलेला दिसतो, पण पॅनल ओढला किंवा मध्ये छिन्नी घातली की टिकली सुटावी तसा सुटतो. मी हा फॉल्ट इतक्या वेळा काढलाय की आता कुठून सुरुवात करायची ते पाठ झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी लक्षणं नीट बघा, कारण फॉल्ट दोन जातीचे आहेत

पहिली जात म्हणजे थंड स्पॉट. वेल्ड करताना ठिणगी उडत नाही, आवाज मऊ येतो, वर खड्डा उथळ असतो, कडेने निळसर रंग फिका किंवा नाहीच. उघडला तर दोन्ही पत्र्यांवर नुसता करडा गोल डाग दिसतो, पत्रा कुठेच फाटलेला नसतो. म्हणजे आतला धातू वितळलाच नाही, दोन पत्रे नुसते चिकटले.

दुसरी जात उलटी. वेल्ड करताना फटाक्यासारखा आवाज येतो, कडेने ठिणग्यांचा फवारा उडतो, खड्डा खोल पडतो, कधी आरपार भोक. उघडला तर मध्ये पोकळी दिसते, बटण लहान आणि वाकडंतिकडं. इथे धातू वितळला, पण तो जागेवर राहिला नाही, बाहेर फेकला गेला.

दोन्हीत शेवट एकच, स्पॉट सुटतो, पण कारणं विरुद्ध आहेत. बहुतेक ठिकाणी काय होतं, स्पॉट सुटला की हात सरळ करंटच्या नॉबकडे जातो. थंड स्पॉटला करंट वाढवला की थोडा वेळ बरं वाटतं आणि मग ठिणग्या सुरू होतात, म्हणजे आपण एका फॉल्टवर दुसरा फॉल्ट चढवला, आणि आता मूळ कुठला तेच कळत नाही. म्हणून करंट सगळ्यात शेवटी.

बटण म्हणजे काय तेही सांगतो. दोन पत्र्यांच्या मध्ये वितळून परत गोठलेला जो गोळा असतो तो नगेट. तो बाहेरून कधीच दिसत नाही. चांगला स्पॉट ओढून उघडला तर सांधा सुटत नाही, एका पत्र्याला भोक पडतं आणि दुसऱ्यावर तो तुकडा उंचवट्यासारखा चिकटून राहतो, तेच बटण. व्हर्नियरने त्याचा व्यास मोजायचा, आडवा आणि उभा, आणि सरासरी घ्यायची. हिशेब असा: दोघांतल्या पातळ पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याची चारपट ही खालची हद्द आणि पाचपट हे चांगलं. 0.8 च्या पत्र्याला 3.6 मिमीच्या खाली बटण नापास, 4.5 मिळालं तर छान. 1 मिमीला 4 आणि 5. हे साध्या मऊ पोलादाचं सांगतोय, जास्त ताकदीच्या पत्र्याचं खाली येईल.

फुकटातली पहिली तपासणी: तुकडा वेल्ड करा आणि फाडा

गाडीला हात लावायच्या आधी त्याच जाडीच्या, त्याच कोटिंगच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या घ्या, जुन्या कापलेल्या पॅनलमधूनच निघतात, फक्त गंज नसलेला भाग घ्या. त्यावर ओळीने तीन स्पॉट मारा, गाडीवर जेवढं अंतर ठेवणार तेवढ्याच अंतरावर. एक पट्टी व्हाईसमध्ये धरून दुसरी पकडीने गुंडाळत ओढा. तीन का, तर पहिला स्पॉट नेहमी चांगला येतो आणि खरा फॉल्ट दुसऱ्यापासून दिसतो, त्याचं कारण पुढे सांगतो.

गाडीवर झालेला स्पॉट फाडता येत नाही, तिथे छिन्नी. दोन स्पॉटच्या मध्ये नाही, स्पॉटच्या अगदी बाजूला चपटी टोकदार छिन्नी पत्र्यांमध्ये 7 ते 10 मिमी आत घालायची, हातोडीने हळू ठोकायची, पत्र्यांमध्ये 3-4 मिमी फट पडेपर्यंत. एवढ्यात सुटला नाही तर पास, मग छिन्नी काढून पत्रा ठोकून सरळ करायचा. दोन पत्र्यांची जाडी वेगळी असेल तर साधारण निम्मीच फट पाडा, नाहीतर चांगला स्पॉट पण उगाच फाटेल.

आता एक गाडी सांगतो, पावसाळ्यातली, वेंगुर्ल्याच्या बाजूची हॅचबॅक. डावा बाहेरचा सिल पूर्ण कुजलेला, नवा लावायचा होता. बाहेरचा पत्रा 0.8, आतला 1.0. टेबलावर तुकडा मारला, 4.6 चं बटण, मस्त. गाडीवर सात-आठ स्पॉट झाले आणि आमचा पोरगा छिन्नी घेऊन आला, "दादा, स्पॉट धरूक नाय." बघतो तर तिसऱ्या स्पॉटपासून पुढे नुसते करडे डाग. ठिणगी एकही उडाली नव्हती. म्हणजे थंड स्पॉट. सेटिंग टेबलावरचंच होतं, 8 हजार अँपिअर, 9 सायकल. त्याने करंट वाढवायला हात नेला तो मी थांबवला आणि पुढच्या क्रमाने गेलो.

दुसरी: टिप बघा, एक फाईल आणि दोन मिनिटं

इलेक्ट्रोडची टिप तांब्याची असते, त्यात थोडं क्रोमियम आणि झिरकोनियम. गरम होऊन आणि दाबून तिचं तोंड हळूहळू पसरतं, आळंबीसारखं. 0.8 च्या पत्र्याला आम्ही 5 मिमीचं तोंड ठेवतो. त्या दिवशी मोजलं तर 6.5 झालेलं. दीड मिलिमीटरने काय होतंय असं वाटतं, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, 6.5 भागिले 5 चा वर्ग म्हणजे जवळपास 1.7. तेवढाच करंट 1.7 पट जागेवर पसरला, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 60 टक्क्यांच्या आतच उरला. दाबाचं पण तसंच. मशीनवर आकडा 8 हजारच दिसतोय आणि स्पॉट थंड.

टिप ड्रेसर असेल तर तो वापरा, नसेल तर बारीक फाईलने तोंड परत 5 वर आणा आणि शेवटी एमरी पेपर. दोन टिपांची तोंडं एकमेकांसमोर बरोबर येतात का ते पण बघा. पत्रा न घेता, करंट बंद ठेवून, मध्ये जाड कागद धरून गन दाबायची, दोन्ही बाजूला गोल ठसा उमटला पाहिजे आणि एकाच जागी. ठसा चंद्रकोरीसारखा आला तर टिप तिरकी बसतेय, तिथे करंट एका कडेने जातो आणि त्या कडेनेच ठिणग्या उडतात.

गॅल्व्हनाईज्ड पत्र्यावर काम असेल तर टिप दुप्पट वेळा बघा. जस्त वितळून तांब्यात मिसळतं आणि तोंडावर पिवळसर पितळ तयार होतं, ते तांब्यापेक्षा करंट कमी नेतं आणि जास्त तापतं. पिवळं दिसलं की घासून लाल तांबं दिसेपर्यंत काढायचं. या पत्र्याला करंट साध्यापेक्षा मुळातच जास्त लागतो आणि वेळ पण, कारण आधी जस्त बाजूला सारायचं असतं. आणि तो पांढरा धूर छातीत घेऊ नका, रात्री थंडी वाजून ताप येतो, पंखा लावा, मास्क लावा.

त्या सिलवर टिप घासली आणि परत तुकडा मारला, टेबलावर बटण 4.8 झालं. गाडीवर 3 मिमी. सुधारलं, पण नापासच.

तिसरी: पत्रा साफ आहे का, आणि दोन पत्रे खरंच चिकटतात का

टिप पत्र्याला बाहेरून लागते, पण नगेट जिथे बनायचा ती जागा दोन पत्र्यांच्या मधली. ती जागा बरेच जण घासतच नाहीत. रंग, अंडरकोट, जुना सीलर यातला एक थर राहिला तरी करंट जात नाही, किंवा एका बारीक जागेतून एकदम घुसतो आणि फुटतो. गंजाचं पण तसंच. थोडा गंज असला की एक स्पॉट थंड, शेजारचा फुटलेला, काही मेळच नाही. स्पॉट असे आळीपाळीने चांगले-वाईट येत असतील तर नव्वद टक्के हीच जागा बघा असं मी सांगेन.

आपल्याकडे यात एक जास्तीची अडचण आहे. पावसाळ्यात ग्राइंडर मारून चकचकीत केलेला पत्रा सकाळपर्यंत पिवळा पडतो, समुद्राकाठच्या शॉपमध्ये तर खारं वारं लागून दुपारपर्यंतच. त्यामुळे आज घासलेला सांधा आजच वेल्ड करायचा. सांध्यात लावायचा जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर मिळतो तो पातळ फवारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. जाड लावला तर तोच अडथळा होतो. आणि जिथे टिप लागणार तिथे बाहेरून प्रायमर नको, तिथे उघडा पत्रा.

मग फट. पत्र्यांच्या मध्ये 1 मिमीची फट असेल तर गनचा अर्धा दाब ती फट मिटवण्यात जातो आणि नगेटवर कमीच पडतो, त्यामुळे ठिणग्या. गनने फट मिटवायची नसते, व्हाईस ग्रिपने मिटवायची. स्पॉटच्या दोन्ही बाजूला ग्रिप लावा आणि बोटाने दाबून बघा पत्रा हलतो का.

आमच्या सिलला ही जागा बरोबर होती, तीन वेळा बघितली.

चौथी: स्पॉटमधलं अंतर मोजा

इथे पहिला खरा दोष सापडला. पोराने कंपनीच्या स्पॉटच्या जागा धरल्या होत्या आणि मजबुतीसाठी म्हणून प्रत्येक दोघांच्या मध्ये एक जास्तीचा मारला होता, म्हणजे अंतर आलं 12-13 मिमी. मनापासून केलेलं काम होतं, पण उलटं बसलं. शेजारी आधीच झालेला स्पॉट म्हणजे दोन पत्र्यांमधला तयार पूल असतो. नवा स्पॉट मारताना करंटला दोन वाटा मिळतात, नव्या जागेची अडचणीची वाट आणि शेजारच्या पुलाची सोपी वाट, आणि बराच करंट पुलावरून निघून जातो. यालाच शंटिंग म्हणतात. म्हणून पहिला स्पॉट चांगला, दुसरा कमी, तिसरा चिकटलेला. म्हणूनच तुकड्यावर तीन मारायचे असं वर लिहिलं.

0.8 च्या पत्र्याला 15 मिमीच्या खाली कधीच जाऊ नका, मी स्वतः 25 च्या आत घेत नाही. पत्रा जाड तसं अंतर जास्त. आणि किती स्पॉट, कुठे, हे गाडीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये दिलेलं असेल तर तेच धरा. सुटलेल्या स्पॉटच्या डोक्यावर परत स्पॉट मारू नका, तिथे खड्डा पडलेला असतो, टिप नीट बसत नाही. नवी जागा घ्या, योग्य अंतरावर.

खराब स्पॉट ड्रिलने काढले, सांधा परत साफ केला, 28-30 मिमीवर नवे घेतले. छिन्नीला थोडे टिकले, पण एक मुद्दाम फाडून बघितला तर 3.4. अजून कुठेतरी करंट गळत होता.

पाचवी: हवा, पाणी

दाब हा सगळ्यात गैरसमज झालेला भाग आहे. लोकांना वाटतं दाब कमी म्हणजे स्पॉट थंड. तसं नाही. उष्णता Q = I²Rt या हिशेबाने बनते, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स गुणिले वेळ. दाब कमी झाला की पत्रे नीट टेकत नाहीत, मधला रेझिस्टन्स वाढतो, उष्णता एकदम जास्त होते आणि वितळलेला धातू दाबून धरायला कोणी नसतं, तो बाहेर उडतो. दाब फार वाढवला की रेझिस्टन्स पडतो आणि स्पॉट थंड होतो. म्हणजे ठिणग्या उडताहेत तर आधी हवा बघा, करंट कमी करून तो फॉल्ट झाकू नका.

आमच्या गनचा सिलिंडर 63 मिमीचा आहे, सरळ दाबणारा. 6 बारला तो साधारण 190 किलोचा दाब देतो, 0.8 ला बरोबर. 4 बारला 127 किलोच. आता होतं काय, पेंटवाला त्याच कॉम्प्रेसरवर हवेचा सँडर लावतो, टाकीचा काटा 8 दाखवत असतो आणि गनपाशी 4. म्हणून काटा टाकीवरचा नाही, गनजवळच्या रेग्युलेटरवरचा बघा, आणि तो पण गन दाबलेली असताना. कात्रीसारख्या गनला लांब आर्म लावले की टोकाचा दाब आणखी कमी होतो, तिथे टिपांमध्ये धरायचा फोर्स गेज असेल तर त्यानेच मोजा.

पावसाळ्यात टाकीचं पाणी रोज सकाळी काढा. ओली हवा सिलिंडरमध्ये गेली की पिस्टन अडखळतो, आणि टिप पूर्ण दाबायच्या आत करंट सुरू होतो. दाब द्यायचा स्क्वीझ टाईम त्यासाठीच असतो, तो वाचवू नका. तसंच वेल्डनंतरचा होल्ड टाईम. नगेट दाबाखालीच गोठला पाहिजे, गन लवकर उघडली तर आत पोकळी राहते.

पाण्याचं थोडक्यात: टिपच्या आतून पाणी फिरतं का ते परतीच्या नळीला बोट लावून बघा. कोमट ठीक, हाताला चटका बसेल इतकं गरम असेल तर नळीत क्षार साठलेत, आणि टिप अर्ध्या दिवसात पसरणार.

सिलच्या वेळी गनपाशी 6 बार होते, पाणी पण ठीक. पुढे.

सहावी: टेबलावर चांगला, गाडीवर वाईट, म्हणजे मधे काय बदललं?

हा प्रश्न मी त्या दिवशी उशिरा विचारला, आधी विचारायला हवा होता. टेबल मेन बोर्डाच्या शेजारी होतं आणि गनला आखूड आर्म. गाडी लिफ्टवर, तिथे 25 मीटरची एक्स्टेंशन आणि सिलखाली पोचायला लांब आर्म. बदल दोन.

लांब आर्मचा परिणाम असा की एसी गनमध्ये करंट दोन आर्म, टिपा आणि केबल असा मोठा वेढा घालून फिरतो. वेढा जितका मोठा तितका अडथळा जास्त, आणि त्या वेढ्याच्या आत गाडीचा पोलादी पत्रा शिरला की आणखी जास्त. त्यामुळे सेटिंग तेच, आणि टिपेपाशी करंट कमी. आमच्यासारख्या जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर पॅनलवरचा आकडा हा आपण मागितलेला करंट असतो, मिळालेला नाही, हे कायम लक्षात ठेवा. इन्व्हर्टरच्या नवीन मशीन करंट स्वतः मोजतात आणि हद्दीपर्यंत भरून काढतात, नाही जमलं तर एरर देतात. तो एरर रिसेट करून पुढे जाऊ नका.

म्हणून आता आमचा नियम: तुकडा गाडीजवळच मारायचा, त्याच आर्मने, त्याच केबलवर. तसा मारला तर 3.5 आलं. गाडीवर आलं तेवढंच. म्हणजे दोष पत्र्यात किंवा हातात नाही, पुरवठ्यात किंवा मशीनमध्ये, हे पक्कं झालं.

मेन बंद करून, प्लग काढून, दुय्यम बाजूचे बोल्ट तुम्ही बघू शकता. गनच्या जाड केबलचे आणि आर्मचे सांधे उघडा, तांबं हिरवट किंवा काळं दिसलं तर एमरीने साफ करून घट्ट आवळा. खाऱ्या हवेत हे सांधे वर्षातून दोनदा तरी साफ करावेच लागतात. केबल हातात वाकवून बघा, मध्ये एखादा भाग लुळा किंवा फुगलेला वाटला तर आतल्या तारा तुटल्यात, केबल बदला.

इथे थांबा आणि वायरमनला बोलवा

मेन बोर्ड, एक्स्टेंशनचे लग, 415 व्होल्ट मोजणं हे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं काम. मशीनचं झाकण तर उघडूच नका, इन्व्हर्टर मशीनमध्ये प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये मारणारा चार्ज राहतो, तिथे मशीन कंपनीचाच सर्व्हिसवाला हवा. ट्रान्सफॉर्मरपाशी पाण्याचा थेंब दिसला तरी तसंच, मशीन बंद आणि फोन.

आमचे इलेक्ट्रिशियन काका आले, त्यांच्याकडे क्षणभराचा खालचा व्होल्टेज पकडणारा मीटर आहे. साधा मीटर इथे फसवतो, कारण 9 सायकल म्हणजे एका सेकंदाच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी वेळ, तेवढ्यात त्याचा आकडा हलत पण नाही. मशीन रिकामी असताना 415, स्पॉट मारताना 362. मग त्यांनी एक्स्टेंशनचा प्लग उघडून मला दाखवला, "ह्यो लग बघ, हिरवो झालो हा." केबल पण 4 चौरस मिमीची निघाली.

हिशेब बघा. आमची मशीन दोन फेजवर चालते आणि स्पॉटच्या क्षणी मेनमधून 200 अँपिअरच्या आसपास ओढते. 4 चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमध्ये जाऊन-येऊन 50 मीटरला जवळपास 45 व्होल्ट तिथेच खर्च होतात, उरलेले त्या कुजलेल्या लगमध्ये. 415 चे 362 झाले म्हणजे व्होल्टेज 13 टक्के कमी, करंट पण तेवढाच कमी, पण उष्णता करंटच्या वर्गाने जाते, त्यामुळे ती 24 टक्के कमी. पाव भाग उष्णता वायरमध्येच गेली आणि आम्ही पत्रा घासत बसलो होतो.

16 चौरस मिमीची केबल आणली, लग नवे क्रिम्प केले. स्पॉट मारताना 398. करंटच्या नॉबला हात न लावता गाडीजवळच्या तुकड्यावर 4.3 आलं. लांब आर्मसाठी म्हणून एक सायकल वाढवली, 9 ची 10 केली, 4.6. मग सिल पूर्ण केला आणि दर पाचव्या स्पॉटला छिन्नी लावली, एकही सुटला नाही.

सगळं करूनही संध्याकाळी 7 ते 9 मध्येच स्पॉट थंड होत असतील आणि सकाळी चांगले येत असतील, तर तुमच्या बोर्डावर येणारा व्होल्टेजच त्या वेळी पडतोय. काकांकडून दोन्ही वेळचं रीडिंग घ्या आणि महावितरणकडे लेखी द्या. तोपर्यंत स्ट्रक्चरचं वेल्डिंग सकाळी ठेवा. छोट्या जनरेटरवर स्पॉट मारू नका, तो इतका झटका देऊ शकत नाही.

करंट आणि वेळ, आता

वरचं सगळं ठीक असेल तरच. 0.8 च्या साध्या पत्र्याला 8 हजार अँपिअर, 8-9 सायकल, 190 किलो ही सुरुवात धरा, 1 मिमीला 9 हजारच्या पुढे, 10 सायकल, 220 किलो. एका वेळी एकच गोष्ट बदला, करंट थोडा थोडा वाढवत दर वेळी तुकडा फाडा आणि बटण वहीत लिहा. बटण वाढत जाईल आणि मग एका आकड्याला ठिणगी उडेल. ती तुमची वरची हद्द, तिच्यापेक्षा थोडं खाली काम करा. बटण 3.6 च्या वर आलंच नाही आणि ठिणगी मात्र उडाली, तर समजा वरच्यापैकी काहीतरी राहिलंय, परत टिपपासून बघा.

कुठल्या पत्र्याला हात लावू नये

बी-पिलर, छताची कड, इथे आता बऱ्याच गाड्यांत गरम दाबून केलेलं बोरॉन पोलाद असतं, ताकद 1500 मेगापास्कलच्या आसपास. त्याला दाब खूप जास्त लागतो, साध्या गनला तो झेपत नाही, आणि वरचा बटणाचा नियम पण तिथे तसाच्या तसा लागू होत नाही, चांगला स्पॉट पण मधून सपाट फुटू शकतो. मॅन्युअल नसेल, किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला दाब तुमची गन देत नसेल, तर ती गाडी कंपनीच्या अधिकृत बॉडीशॉपला पाठवा, ग्राहकाला कारण सांगून. सिलचा आतला मजबुतीचा पत्रा पण काही गाड्यांत याच जातीचा असतो, त्यामुळे कापायच्या आधी मॅन्युअल बघा.

गाडीवर स्पॉट मारायच्या आधी बॅटरी काढा. एअरबॅगची किंवा हायब्रीडची वायर जवळून जात असेल तर ती कोण बाजूला करणार ते आधी ठरवा, अंदाजाने करू नका. आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाला मशीन चालू असताना आत येऊ देऊ नका, गनभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोठं असतं. आमच्याकडे एकदा गाडीचे मालकच शेजारी उभं राहून काम बघत होते, बोलता बोलता कळलं की त्यांना पेसमेकर आहे, तेव्हापासून दारावर पाटी लावली आहे आणि विचारतो पण.

विचारायचं असेल तर चार गोष्टी लिहून पाठवा: ठिणगी उडते की नाही, टिपचं तोंड किती मिलिमीटर, गन दाबलेली असताना बार किती, आणि गाडीजवळ मारलेल्या तीन स्पॉटच्या तुकड्यावरची तिन्ही बटणं किती. फाडलेल्या तुकड्याचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा, नुसत्या बाहेरून काढलेल्या स्पॉटच्या फोटोवरून मला काहीच सांगता येत नाही.